डाग माहेरास नेला : एका मोडी पत्राचं वाचन

आजच्या बोलण्यात मी एकाच कागदाबद्दल सांगणार आहे. आमच्या बचत गटातल्या एका ताईंच्या सासरी, जुन्या लाकडी पेटीत, शेतसाऱ्याच्या पावत्यांच्या खाली हा कागद होता. एकच पान, चौघडी घातलेलं, मोडी अक्षरात. घरात सगळे त्याला ‘वतनाचा कागद’ म्हणायचे. वाचता कुणालाच येत नव्हता, पण जपून ठेवला होता, कारण जमिनीचं काहीतरी असेल अशी समजूत.

त्याच घरात आणखी एक गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या चालत आली होती. चार पिढ्यांमागची एक आजी, तरुणपणी विधवा झालेली. ती मोठ्या दुष्काळात घरातलं सोनं घेऊन माहेरी गेली आणि म्हणून घर बुडालं, असं म्हणायचे. पूर्वी कधीतरी मोडी जाणणाऱ्या कुणी तो कागद थोडासा वाचून दाखवला होता, त्यातले तीन शब्द तेवढे घराच्या लक्षात राहिले होते : ‘डाग माहेरास नेला’. नव्या सुनेला दागिने सांभाळायला सांगताना सासवा त्या आजीचा दाखला द्यायच्या. वंशावळीत तिचं नावही नाही, नुसतं ‘अमक्याची बायको’ एवढंच.

मी बीएला इतिहास घेतला होता आणि नंतर पुराभिलेख विभागाच्या वर्गात मोडी शिकले, हे ताईंना माहीत होतं. त्यांनी कागद माझ्याकडे आणला. घरच्यांनी सांगितलंय की नावं आणि गाव बोलू नका, म्हणून ती मी गाळते. बाकी सगळं सांगते, कारण आपल्यापैकी बऱ्याच जणींच्या घरी असा एखादा कागद माळ्यावर असेल.

वाचायला बसण्याआधी कागदाची काळजी. जुनी काळी शाई बहुतेक काजळी आणि डिंकाची असते. ती पाण्याने सुटते. म्हणून ओलं फडकं लावायचं नाही, इस्त्री फिरवायची नाही, फाटल्या जागी चिकटपट्टी लावायची नाही आणि लॅमिनेशन तर मुळीच करायचं नाही. मऊ कोरड्या ब्रशने धूळ काढायची, घडी आपोआप उघडेल तेवढीच उघडायची आणि खिडकीजवळच्या उजेडात, फ्लॅश न लावता मोबाइलने फोटो काढायचे. आधी अख्खं पान, पुढून आणि मागून. मग एकेक ओळ जवळून. पुढचं सगळं काम फोटोवर करायचं आणि मूळ कागद परत पेटीत ठेवायचा. आम्ही सुती कापडात गुंडाळून ठेवला.

आता मोडीबद्दल थोडंसं. मोडी म्हणजे वेगळी भाषा नव्हे. भाषा मराठीच, लिहिण्याची तऱ्हा वेगळी. छापण्यासाठी आणि पोथ्यांसाठी बाळबोध, म्हणजे आपली देवनागरी, आणि रोजच्या पत्रांसाठी, हिशेबांसाठी, दप्तरासाठी मोडी, अशी वाटणी होती. लिहिणारा आधी पानभर आडवी रेघ ओढून घ्यायचा आणि मग तिला अक्षरं लटकवत जायचा. हात फार उचलावा लागत नाही, म्हणून लिहिणं भराभर व्हायचं. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत काही शाळांमध्ये मोडी शिकवत. ती बंद झाली आणि एका पिढीत घरातले कागद मुके झाले.

वाचणाऱ्याला अडचण अक्षरांच्या वळणांची कमी येते. वळणं महिना-दोन महिन्यांत बसतात. खरी अडचण तीन गोष्टींची. पहिली, मोडीत ऱ्हस्व-दीर्घ वेगळं नसतं. शंकराचा ‘शिव’ आणि गावाची ‘शीव’ एकसारखीच लिहिली जाते. दुसरी, शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते. ओळ संपली की शब्द मध्येच तोडून खालच्या ओळीत नेतात. तिसरी, स्वल्पविराम नाही, पूर्णविराम नाही, काहीच नाही. कुठलं वाक्य कुठे संपलं, हे वाचणाऱ्याने ठरवायचं. या तिसऱ्या गोष्टीनेच त्या घरात एका बाईचं नाव खराब केलं होतं. ते कसं, ते आता पाहू.

काम तीन टप्प्यांत करायचं आणि तिन्ही टप्पे वहीत वेगवेगळे ठेवायचे. पहिला टप्पा म्हणजे लिप्यंतर. मोडीतलं अक्षर जसं आहे तसं देवनागरीत उतरवायचं. ओळींना नंबर द्यायचे, कागदावरची सातवी ओळ ती वहीतली सातवी ओळ. शब्द तोडायचे नाहीत, शुद्धलेखन सुधारायचं नाही. ‘आसीर्वाद’ लिहिलं असेल तर ‘आसीर्वाद’च उतरवायचं. वाचता येत नाही तिथे चौकोनी कंस घालून तीन टिंबं द्यायची आणि शंका असेल तिथे प्रश्नचिन्ह. अंदाजाने भरायचं नाही, कारण एकदा अंदाज वहीत शिरला की दुसऱ्या दिवशी तो आपल्यालाच खरा वाटायला लागतो. दुसऱ्या टप्प्यात शब्द तोडायचे आणि संक्षेप उलगडायचे. तिसऱ्या टप्प्यात आजच्या मराठीत अर्थ लिहायचा. कुणाला पुढे शंका आली तर त्याला तिसऱ्यावरून पहिल्यापर्यंत मागे जाता आलं पाहिजे.

आता त्या पत्राचा मायना. लिप्यंतर असं निघालं, शब्द मी तुमच्यासाठी तोडून वाचते :

‘श्री. ची॥ रा॥ रा॥ … भावजी यासी मु॥ मुंबई. गं॥ भा॥ … चे आसीर्वाद उपरी येथील क्षेम त॥ माघ शु॥ ५ गुरुवार सके १७९९ ईस्वरनाम संवत्सर जाणोन स्वकीय क्षेम लीहीत जावे वीसेस.’

अक्षरानंतर दोन उभ्या रेघा आल्या की तो संक्षेप समजायचा. ‘ची॥’ म्हणजे चिरंजीव. ‘रा॥ रा॥’ म्हणजे राजमान्य राजश्री. हा कुणी राजदरबारचा माणूस नव्हे, पत्राची ती रीतच होती. ‘मु॥’ म्हणजे मुक्काम. ‘गं॥ भा॥’ म्हणजे गंगाभागीरथी, विधवा बाईच्या नावामागे लावायचे ते. एवढ्यावरूनच कळलं की हे वतनाचं काही नाही. वहिनीने मुंबईला गेलेल्या धाकट्या दिराला पाठवलेलं हे पत्र. ती वडील, म्हणून नमस्कार न लिहिता आशीर्वाद लिहिलाय. पत्र मुंबईला गेलं आणि दीर गावी परत आला तेव्हा त्याच्याबरोबर घरी आलं, म्हणून ते या पेटीत सापडलं.

‘त॥’ पाशी मात्र थांबावं लागतं. जमिनीच्या कागदात ‘त॥’ दिसलं तर ते बहुधा ‘तर्फ’, म्हणजे गावांचा गट. इथे पुढे तिथी आहे, म्हणून ते ‘तागायत’ : ‘माघ शुद्ध पंचमीपर्यंत इथे सगळं क्षेम आहे.’ संक्षेप एकच, अर्थ पुढच्या शब्दावरून ठरतो. म्हणून संक्षेपांची यादी पाठ करून भागत नाही, कागद कसला आहे ते आधी ओळखावं लागतं.

मग तारीख. शके १७९९ मध्ये ७८ मिळवले की इसवी सन येतो, पण पत्र जानेवारी ते फाल्गुनअखेर या दिवसांतलं असेल तर ७९ मिळवायचे, कारण शक गुढीपाडव्याला बदलतो. माघ महिना म्हणून ७९ मिळवले. १८७८ आलं. आता हे बरोबर कशावरून? घाईच्या लिहिण्यात १ आणि ९ हे आकडे एकमेकांसारखे दिसतात. कुणी १७९९ ऐवजी १७९१ वाचलं तर पत्र आठ वर्षं मागे जातं आणि सगळी गोष्टच बदलते. इथे संवत्सराचं नाव कामाला येतं. संवत्सरं साठ असतात आणि ओळीने येतात. शके १७९९ चं संवत्सर ईश्वर, शके १७९१ चं शुक्ल. पत्रात ‘ईस्वर’ स्पष्ट आहे, म्हणजे १७९९ बरोबर. वरून वारही दिलेला आहे. जुन्या तिथीला इंग्रजी तारीख लावून दाखवणारी कोष्टकं असतात, त्यांना जंत्री म्हणतात. त्या वर्षीची माघ शुद्ध पंचमी म्हणजे ७ फेब्रुवारी १८७८, आणि त्या दिवशी गुरुवारच होता. शक, संवत्सर, वार, तिन्ही जुळले की तारखेबद्दल निश्चिंत व्हायचं. एखादं जुळलं नाही तर आपलं वाचन पुन्हा तपासायचं.

१८७८ म्हणजे मोठ्या दुष्काळाचा काळ. १८७६ मध्ये दख्खनात पाऊस गेला, पुढच्या सालीही तो वेळेवर आला नाही. पुणे, सातारा, नगर, सोलापूर, सगळीकडे माणसं गाव सोडून चालली. सोलापूर जिल्ह्यातल्या आष्टीच्या तलावाचं काम लोकांना मजुरी मिळावी म्हणून त्याच दुष्काळात हाती घेतलं गेलं. त्याआधी, १२ मे १८७५ रोजी, सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची खतं जाळली होती. म्हणजे कर्ज, गहाण आणि सारा या तीन कात्रींत घरं आधीच सापडलेली होती आणि वर दुष्काळ आला. हे डोक्यात ठेवून पत्राचा पुढचा भाग ऐका :

‘साल गुदस्ता पाउस पडला नाही साल मजकुरी पीक सुमार सरकारचा सारा दोन सालचा येणे सबब सीपाई दारी बसला तुमचे रुपये पावले नाहीत सबब आंगावरील पुतळ्याची माळ व गोट जोड १ हा डाग माहेरास नेला’

इथे सातवी ओळ संपते. आणि बरोबर इथेच कागदाची घडी आहे. शेवटची दोन अक्षरं घडीत झिजलेली, पण वाचता येतात. आठवी ओळ अशी सुरू होते :

‘नाही गहाण ठेवीला रु॥ २२॥ घेतले’

मैत्रिणींनो, आधी ‘डाग’ हा शब्द. आज डाग म्हणजे कपड्यावर पडतो तो. त्या काळी डाग म्हणजे दागिना. ‘डागिना’ हा शब्द आपल्या आज्यांच्या तोंडी अजून आहे. गोट म्हणजे हातातला सोन्याचा भरीव दागिना. ‘गुदस्ता’ म्हणजे मागचं साल, ‘साल मजकुरी’ म्हणजे चालू सालात. आणि ‘येणे’ हे सरकारच्या बाजूने बोललेलं आहे, म्हणजे सरकारला येणे, आपल्याला देणे. असे शब्द आजच्या अर्थाने वाचले की पत्र उलटं होतं.

आता तो ‘नाही’. विरामचिन्ह नाही, म्हणून हा ‘नाही’ मागच्या शब्दाला जोडायचा की पुढच्या, हा प्रश्न उभा राहतो. पुढच्याला जोडला तर अर्थ होतो : डाग माहेरास नेला. नाही गहाण ठेवला. म्हणजे घरात सांगत होते तेच. मागच्याला जोडला तर अर्थ होतो : डाग माहेरास नेला नाही. गहाण ठेवला. म्हणजे अगदी उलट. एका बाजूला घर बुडवणारी बाई, दुसऱ्या बाजूला घर वाचवायला अंगावरचं सोनं काढून देणारी. मधे फक्त एक शब्द. आणि जो कुणी सातव्या ओळीपर्यंत वाचून थांबला असेल, त्याच्या कानावर तर ‘नाही’ पडलाच नसेल.

अशा वेळी आपल्याला कुठलं आवडतं ते चालत नाही, पुरावा लागतो. पहिला पुरावा मराठी बोलीचा. मराठीत नकार क्रियापदाच्या मागून येतो. आपण ‘गेला नाही’, ‘दिला नाही’ म्हणतो. गहाण ठेवला नसता तर लिहिणाऱ्याने ‘गहाण ठेवीला नाही’ असं लिहिलं असतं. वर त्याच पत्रात ‘पाउस पडला नाही’, ‘रुपये पावले नाहीत’ अशीच दोन्ही वाक्यं आहेत. म्हणजे या लिहिणाऱ्याची सवय आपल्याला त्याच्याच हाताने कळली.

पण एका पुराव्यावर थांबायचं नाही. दुसरा पुरावा हिशेबाचा. पुढची ओळ अशी आहे :

‘व्याज दरमाहे दरसदे रु॥ २ पैकी साऱ्यास रु॥ १२॥ बीयास रु॥ ६। पोटास रु॥ ३॥।’

इथे जुने आकडे वाचायची एक खुबी आहे. दोन उभ्या रेघा अक्षरानंतर आल्या तर संक्षेप, म्हणून ‘रु॥’ म्हणजे रुपये. त्याच दोन रेघा आकड्यानंतर आल्या तर अर्धा. एक रेघ म्हणजे पाव, तीन म्हणजे पाऊण. रुपयाचे सोळा आणे, म्हणून पाव म्हणजे चार आणे, अर्धा म्हणजे आठ, पाऊण म्हणजे बारा. तेव्हा २२॥ म्हणजे साडेबावीस, १२॥ म्हणजे साडेबारा, ६। म्हणजे सव्वासहा आणि ३॥। म्हणजे पावणेचार. या रेघा १ च्या आकड्यासारख्या दिसतात आणि नवखा माणूस १२॥ ला बाराशे अकरा वाचतो. मग घरात ‘आमच्याकडे हजारो रुपयांचा सारा होता’ अशी नवीच गोष्ट तयार होते.

आपलं वाचन बरोबर की चूक हे इथे बेरजेनेच कळतं. साडेबारा सरकारचा सारा, सव्वासहाचं बियाणं, पावणेचार पोटापाण्याला. बेरीज करा. सव्वासहा आणि पावणेचार मिळून दहा, दहा आणि साडेबारा मिळून साडेबावीस. वर घेतलेले रुपये साडेबावीस. पैचाही फरक नाही. आकडे बरोबर वाचले गेले, हे तर ठरलंच. पण दुसरंही ठरलं. डाग गहाण ठेवला नसता तर साडेबावीस रुपये आले कुठून, आणि व्याज कशावर? ‘दरमाहे दरसदे रुपये २’ म्हणजे महिन्याला शेकडा दोन. हे सावकाराच्या गहाणाचंच व्याज. ‘नाही’ मागच्याच शब्दाचा, याला आता दोन साक्षीदार झाले.

गटाचा हिशेब लिहिणाऱ्या आपल्या बायकांना हा दर ओळखीचा वाटेल. अनेक गटांत अंतर्गत कर्जाला महिन्याला शेकडा दोनच घेतात. फरक एवढाच की आपलं व्याज गटातच राहतं, तिचं सावकाराच्या घरी जायचं. साडेबावीस रुपयांवर महिन्याला सात आण्यांहून थोडं जास्त, वर्षाला जवळजवळ साडेपाच रुपये. म्हणजे दिराकडून पैसे आले नाहीत तर दोन-अडीच वर्षांत नुसतं व्याजच साऱ्याच्या रकमेएवढं होतं. तिला घाई कशाची होती ते यावरून कळतं. पत्राचा शेवट असा :

‘साऱ्याची पावती घरी आहे लोक बोलतील ते खरे न मानणे डाग सोडवीणे बहुत काय लीहीणे हे आसीर्वाद. हस्ताक्षर … कुलकर्णी. नी॥ बांगडी’

आणि त्यापुढे एक छोटं वर्तुळ. घरच्यांना वाटायचं की तो शिक्का आहे किंवा शून्य आहे. ‘नी॥’ हा पुन्हा दोन अर्थांचा संक्षेप. दप्तरात तो पुष्कळदा ‘निसबत’ म्हणजे ‘अमक्याकडचा’ असा असतो. इथे पुढे ‘बांगडी’ शब्द आणि वर्तुळ आहे, म्हणून तो ‘निशाणी’. लिहिता न येणारी माणसं कागदाखाली आपली खूण काढायची. शेतकरी नांगर काढायचा, कारागीर आपलं हत्यार, आणि बाई बांगडी. ते वर्तुळ म्हणजे तिची सही. पत्र कुलकर्ण्याच्या हातचं, पण बोल तिचे, हे त्या खुणेवरून कळतं. हातात बांगडी नसलेल्या बाईलाही सही म्हणून बांगडीच काढावी लागायची, हे वाचताना माझ्याही हातून पेन खाली ठेवलं गेलं.

‘लोक बोलतील ते खरे न मानणे.’ म्हणजे बोलणं तेव्हाच सुरू झालं असावं, किंवा होणार हे तिला कळलं असावं. अंगावरचा दागिना दिसेनासा झाला की गाव आधी माहेराकडे बोट दाखवतं.

तिसऱ्या टप्प्यात आजच्या मराठीत पत्र असं उतरवलं :

‘चिरंजीव राजमान्य राजश्री भाऊजी यांस, मुक्काम मुंबई. गंगाभागीरथी अमकीचे आशीर्वाद. आज माघ शुद्ध पंचमीपर्यंत इकडे क्षेम आहे. तुमचं क्षेम कळवत जा. मागच्या साली पाऊस पडला नाही. यंदाचं पीक बेताचंच. सरकारचा दोन सालांचा सारा द्यायचा राहिला, म्हणून शिपाई दारात येऊन बसला. तुमचे पैसे पोचले नाहीत. म्हणून अंगावरची पुतळ्यांची माळ आणि गोटांची एक जोडी, हा डाग [दागिना] माहेरी नेला नाही, गहाण ठेवला. साडेबावीस रुपये घेतले. व्याज महिन्याला शेकडा दोन रुपये. त्यातले साऱ्याला साडेबारा, बियाण्याला सव्वासहा, पोटाला पावणेचार. साऱ्याची पावती घरी आहे. लोक बोलतील ते खरं मानू नका. डाग सोडवा. फार काय लिहू. हे आशीर्वाद.’

यात दोन गोष्टी मुद्दाम केल्यात. ‘डाग’ हा शब्द तसाच ठेवून शेजारी चौकोनी कंसात अर्थ दिला. कारण घरातली गोष्ट त्याच शब्दावर उभी होती, तो बदलला असता तर वाद कशाचा तेच कळलं नसतं. दुसरं, ‘सीपाई दारी बसला’ याचं ‘छळ केला’ किंवा ‘अपमान केला’ असं केलं नाही. तिने तेवढंच सांगितलं, तेवढंच लिहायचं. भाषांतर करताना आपला कळवळा तिच्या तोंडी घालायचा नाही. वाटलं तर खाली वेगळी टीप लिहावी.

माझं वाचन मी एका निवृत्त मोडी वाचकांना दाखवलं. आपली वही न दाखवता आधी नुसते फोटो द्यायचे आणि त्यांचं स्वतंत्र वाचन घ्यायचं, हे महत्त्वाचं. आपलं वाचन समोर ठेवलं की दुसराही तेच वाचतो. दोन्ही वह्या ओळीने ताडून पाहिल्या. आठव्या ओळीत फरक नव्हता. घडीतल्या एका अक्षरापुढे दोघांनीही प्रश्नचिन्ह घातलं होतं, ते तसंच ठेवलं.

आता या पत्राने काय सिद्ध होतं आणि काय होत नाही, हेही स्वच्छ सांगितलं पाहिजे. ७ फेब्रुवारी १८७८ ला तिने दिराला असं कळवलं, एवढं या कागदावरून पक्कं होतं. ही तिची बाजू आहे. ती खरी की खोटी, हे दुसऱ्या कागदाने ठरतं. तिने स्वतःच तो कागद सांगून ठेवलाय : ‘साऱ्याची पावती घरी आहे.’ म्हणून ताईंच्या घरच्यांनी त्याच पेटीतल्या पावत्या पुन्हा बाहेर काढल्या आहेत. पाहायचं ते हे की त्या सुमाराच्या एखाद्या पावतीवर साडेबारा रुपयांचा भरणा आहे का. दोन सालांचा सारा म्हणून तो दोन पावत्यांत वाटलेलाही असू शकतो, हे धरून शोधायचं. तसंच, असं घरगुती वाचन कोर्टात किंवा कचेरीत चालत नाही. जमिनीसाठी किंवा दाखल्यासाठी मोडी कागद द्यायचा असेल तर मान्यताप्राप्त मोडी वाचकाकडून सही-शिक्क्याचं भाषांतर घ्यावं लागतं. अशी माणसं कुठे भेटतील ते पुराभिलेख विभागाच्या कार्यालयात किंवा पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात विचारता येतं. हे मंडळ १९१० पासून अशा कागदांचंच काम करत आलंय. पण मूळ कागद कुणाच्याही हातात देऊन यायचं नाही, फोटो द्यायचे.

ताईंच्या घरी आता एक फाइल आहे. तिच्यात कागदाचे फोटो, ओळीवार लिप्यंतर, शब्द तोडलेली प्रत, आजच्या मराठीतली प्रत आणि एक पान टिपांचं : कुणी वाचलं, कधी वाचलं, कुठल्या अक्षराबद्दल शंका राहिली. फाइलवर ‘वतनाचा कागद’ हे जुनं नाव खोडलेलं नाही. त्याखाली ओळ लिहिली आहे : वहिनीने दिरास मुंबईस पाठवलेलं पत्र, शके १७९९. पत्रात त्या आजीचं स्वतःचं नाव आहे. वंशावळीच्या तक्त्यात ‘अमक्याची बायको’ होतं, तिथे ताईंच्या सासूबाईंनी आपल्या हाताने ते नाव लिहिलं.

तुमच्याही घरी असा कागद असेल तर आधी त्याचे फोटो काढा आणि घरातल्या वडील माणसांना विचारा, या कागदाबद्दल काय सांगतात. ते जे सांगतील तेही तारीख घालून लिहून ठेवा, कारण उद्या कागद वाचल्यावर दोन्ही शेजारी ठेवून पाहावं लागेल. नमस्कार.